जोडाक्षरांची छापील पाने ओसीआरसाठी कशी तयार करावीत?

प्रश्न : आजोबांनी लिहिलेले आमच्या तालुक्याच्या इतिहासाचे पुस्तक 1930 च्या दशकात छापले होते. आता एकच प्रत उरली आहे. झेरॉक्सच्या दुकानात त्याची पाने स्कॅन करून घेतली आणि टेसरॅक्ट नावाच्या मोफत ओसीआर प्रोग्रॅममधून मजकूर काढला. साधी अक्षरे बरी आली, पण जोडाक्षरांची दुर्दशा झाली. ‘युद्ध’चे ‘युद्व’ झाले, ‘उद्ध्वस्त’चे ‘उद्वस्त’ झाले, अनुस्वार तर जवळजवळ सगळेच गेले. पाने अधिक काळी-पांढरी आणि धारदार करून पाहिली, तर चुका वाढल्या. यात दोष प्रोग्रॅमचा की पानांचा? पाने नेमकी कशी तयार करायची?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही स्कॅनच्या फायलींबरोबर पुस्तकही पाठवलेत, ते बरे झाले. दोन्ही शेजारी ठेवल्यावर दोष कुठे आहे ते दिसले. बहुतेक चुका प्रोग्रॅमच्या हाती पान पडण्याआधीच झालेल्या आहेत, आणि उरलेल्यांपैकी काही पान काळे-पांढरे केल्यामुळे वाढल्या आहेत.

आधी एक ओळ घेऊ. तुमच्या पुस्तकात छापले आहे : ‘त्या युद्धानंतर उद्ध्वस्त झालेलीं खेडीं पुन्हां वसलीं नाहींत.’ तुमच्याकडे आलेला मजकूर : ‘त्या युद्वानंतर उद्वस्त झालेली खेडी पुन्हा वसली नाहीत.’ पहिल्या नजरेला ही दुसरी ओळ वाईट वाटत नाही, म्हणूनच ती जास्त फसवी आहे. दोन जोडाक्षरे बिघडली आहेत आणि सहा अनुस्वारांपैकी पाच नाहीसे झाले आहेत. या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून त्या वेगवेगळ्या पाहू.

जोडाक्षराचे आधी. तुमचे पुस्तक साधारण 12 पॉइंटच्या टायपात आहे. म्हणजे एका ओळीच्या खिळ्याची उंची इंचाचा सहावा भाग. दुकानातला स्कॅन 200 डीपीआयचा आहे, तेव्हा ही उंची सुमारे 33 पिक्सेल भरते. पण या 33 पिक्सेलांत वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांची जागा आहे आणि खाली उकाराची. शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतच्या मधल्या पट्ट्याला जेमतेम निम्मी उंची मिळते, 16 पिक्सेलच्या आसपास. ‘युद्ध’मधल्या द्धमध्ये द आणि ध असे दोन वर्ण याच पट्ट्यात आणि त्याच्या थोड्या खाली बसवलेले असतात. त्यातला ध इतका लहान असतो की त्याच्या पोटातली पांढरी फट एक-दोन पिक्सेलांची उरते. शाई जरा पसरली किंवा स्कॅनरचा हात जरा जड पडला की ती फट बुजते. फट बुजली की द्ध आणि द्व यांत फरक करायला काही उरतच नाही. माणूस संदर्भाने ‘युद्ध’ वाचतो. यंत्रालाही थोडा संदर्भ कळतो, पण ज्या आकाराची खूणच पुसली गेली आहे तो आकार ते खात्रीने सांगू शकत नाही. द्द, ट्ट, ट्ठ, ह्म, ह्य, ङ्क या सगळ्या एकाखाली एक रचलेल्या जोडाक्षरांचे हेच आहे. त्याउलट स्य, म्य, प्त यांत अर्धे अक्षर शेजारी बसते, उंची वाटून घ्यावी लागत नाही, म्हणून ती तुमच्या मजकुरातही बरी आली आहेत.

यावरचा उपाय स्कॅन करतानाच करावा लागतो. 400 डीपीआय ठेवा. मग तोच खिळा सुमारे 67 पिक्सेल उंच होतो, मधला पट्टा 33 च्या घरात जातो आणि ध च्या पोटातली फट तीन-चार पिक्सेलांची होते. टेसरॅक्टसाठी किमान 300 डीपीआय सुचवले जाते. मराठीच्या जोडाक्षरांसाठी मी 400 म्हणतो. तुमच्या पुस्तकातल्या तळटिपा 8 पॉइंटच्या आहेत, तेवढ्या पानांसाठी 600 घ्यावे. त्यापुढे जाण्यात फायदा नाही. हा प्रोग्रॅम प्रत्येक ओळ कापून घेतो आणि ती एका ठरावीक उंचीला आणून मगच वाचतो. 1200 डीपीआयवर जमवलेले जादा पिक्सेल तिथे परत आकसले जातात, तुमच्या हाती फक्त जड फायली राहतात. आणि एकदा 200 वर स्कॅन केलेले चित्र संगणकावर ताणून दुप्पट केल्याने बुजलेली फट उघडत नाही. तो स्कॅन पुन्हाच करावा लागेल.

स्कॅनर ‘करडा’ म्हणजे ग्रेस्केल लावा. ‘ब्लॅक अँड व्हाइट’ किंवा ‘टेक्स्ट’ हा पर्याय नको. इथेच तुमचे नुकसान झाले आहे. फटीच्या काठावरचे पिक्सेल पूर्ण काळे नसतात, पूर्ण पांढरेही नसतात. करड्या चित्रात त्यांच्या छटा टिकतात. काळे-पांढरे करताना प्रत्येक पिक्सेलला एका बाजूला ढकलले जाते आणि द्धच्या पोटातले बहुतेक पिक्सेल काळ्याच्या बाजूला पडतात. टेसरॅक्ट आतमध्ये काळे-पांढरे चित्र करतो, ते खरे. ते मुख्यतः ओळी आणि शब्द कुठे आहेत हे शोधण्यासाठी. चौथ्या आवृत्तीपासून आलेले न्यूरल जाळ्याचे वाचन मूळ चित्र करडे असेल तर त्या करड्या चित्रावरच होते. तुम्ही आधीच काळे-पांढरे करून दिलेत तर त्याला त्या छटा कधी मिळतच नाहीत. धारदार करण्याच्या फिल्टरचेही तसेच. तो काळ्याच्या कडेला एक कृत्रिम पांढरी झालर आणि पांढऱ्याच्या कडेला गडद झालर चढवतो. बारीक फटींत या झालरी एकमेकींवर येतात. म्हणून तो फिल्टर पूर्ण बंद ठेवा. स्कॅनरच्या प्रोग्रॅममध्ये तो बऱ्याचदा आपणहून चालू असतो, तेवढे पाहून घ्या.

फाइल टिफ किंवा पीएनजीमध्ये ठेवा. जेपीजी चित्राचे 8 गुणिले 8 पिक्सेलांचे चौकोन करून दाबते आणि काळ्या रेघांभोवती बारीक डाग सोडते. शिरोरेषेच्या वर-खाली हे डाग पडले की अनुस्वार कुठला आणि डाग कुठला, हे सांगता येत नाही. क्राउन आकाराचे 5 गुणिले 7.5 इंचांचे पान 400 डीपीआयला 2000 गुणिले 3000 पिक्सेल भरते. करड्या चित्रात न दाबता 6 एमबी. दोनशे पानांचे पुस्तक सव्वा जीबीत बसते, हे आजच्या पेनड्राइव्हला काहीच नाही.

तुमच्या पुस्तकाचा कागद पातळ आहे, मागच्या पानाचा मजकूर पुढे उमटतो. स्कॅन करताना पानामागे काळा जाड कागद ठेवा. स्कॅनरचे झाकण पांढरे असते, त्यावरून प्रकाश परत फिरतो आणि मागची अक्षरे उजळून दिसतात. काळ्या कागदाने पान किंचित गडद येते, पण सारखे गडद येते, आणि मागचा मजकूर दबतो. असा मागचा ठसा नंतर संगणकावर पुसणे फार कठीण जाते, कारण त्याच्या आणि फिकट छापलेल्या उकारांच्या छटा जवळपास सारख्या असतात.

आता पान सरळ करण्याकडे वळू. देवनागरीत ही गोष्ट रोमन लिपीपेक्षा सोपीही आहे आणि महत्त्वाचीही. सोपी यासाठी, की शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळीत एक लांब आडवी काळी रेघ आयती मिळते. पान जरा जरा फिरवत प्रत्येक आडव्या रांगेतले काळे पिक्सेल मोजले, तर पान सरळ असताना शिरोरेषेच्या रांगांत संख्या एकदम उंचावते आणि ओळींमध्ये शून्याजवळ जाते. या युक्तीने संगणक तिरकेपणा बराच अचूक काढतो. महत्त्वाची यासाठी, की तुमच्या पुस्तकाची ओळ 9 सेंटिमीटर लांब आहे. 400 डीपीआयला ती सुमारे 1400 पिक्सेल होते. पान फक्त एक अंश तिरके असले तर ओळीचे शेवटचे अक्षर पहिल्यापेक्षा जवळजवळ 25 पिक्सेल वर किंवा खाली जाते, म्हणजे मधल्या पट्ट्याच्या पाऊण उंचीइतके. मग ओळ कापताना चौकट उंच घ्यावी लागते, तीत शेजारच्या ओळीचे उकार नाहीतर वेलांट्या शिरतात, आणि सगळी चौकट ठरावीक उंचीला आणताना आपली अक्षरे लहान होतात. द्ध पुन्हा बुजतो. तिरकेपणा एक पंचमांश अंशाच्या आत आणला की पुरे.

हे काम पानागणिक हाताने करायची गरज नाही. मोफत मिळणाऱ्या स्कॅनटेलरमध्ये `Deskew` आणि `Select Content` या पायऱ्या आहेत. दुसऱ्या पायरीत मजकुराभोवतीची चौकट तपासताना ती सैल ठेवा. पहिल्या ओळीवरचे रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक येतात, ‘सर्वांनीं’सारख्या शब्दात तर दाटीच होते, आणि चौकट घट्ट असली की नेमके तेच कापले जातात. शेवटी `Output` मध्ये करड्या चित्राचा पर्याय निवडून `Equalize illumination` लावा. पिवळटपणा आणि शिवणीजवळची सावली त्याने सपाट होते आणि अक्षरांच्या छटा राहतात. शिवणीजवळ ओळी वाकल्या असतील, तर शक्य तिथे पुस्तक सावकाश दाबून पुन्हा स्कॅन करणे हे वाकलेले चित्र संगणकावर ताणण्यापेक्षा बरे.

आदेश लिहून काम करणाऱ्यांसाठी इमेजमॅजिकने एका पानाचे हेच काम असे होते :

```
magick pan.tif -colorspace Gray -background white -deskew 40% +repage pan2.png
tesseract pan2.png pan -l mar --psm 6 --dpi 400
```

`--psm 6` म्हणजे सगळे पान मजकुराचा एकसंध ठोकळा आहे असे सांगणे. तुमच्या पुस्तकाला ते जुळते. दोन स्तंभांचा शब्दकोश असेल तर आधी स्तंभ कापून वेगळे करावेत. पान डागाळलेले असून ओळी सापडतच नसतील तर पाचव्या आवृत्तीत `-c thresholding_method=2` जोडून पाहा. त्याने सगळ्या पानाला एकच काळे-पांढरे माप न लावता जागोजागचे माप लावले जाते.

प्रश्न : पण अनुस्वार का गेले? ठिपके स्वच्छ दिसत होते. आणि शिरोरेषा मध्येमध्ये तुटलेली आहे, ती जोडून घ्यावी का?

उत्तर : अनुस्वार घालवणारे दोन हात आहेत. पहिला हात ठिपके साफ करणाऱ्या गाळणीचा, ज्याला प्रोग्रॅममध्ये `Despeckling` म्हणतात. तो ठरावीक आकाराहून लहान, सुटे ठिपके उडवतो. 12 पॉइंटमधला अनुस्वार 200 डीपीआयला तीन-चार पिक्सेलांचा असतो, कागदावरचा तंतू किंवा शाईचा तुषारही तेवढाच. गाळणीला कोणता ठिपका भाषेचा आणि कोणता कागदाचा, हे ओळखता येत नाही. ङचा ठिपकाही ती खाते, मग ‘वाङ्मय’चे ‘वाड्मय’ होते. मराठीच्या पानाला ही गाळणी लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राहिलेल्या डागांमुळे चार-दोन जादा ठिपके मजकुरात आले तर ते मुद्रिते तपासताना दिसतात. गेलेला ठिपका मात्र दिसत नाही, तो फक्त मूळ पानाशी ताडून कळतो.

दुसरा हात पानाचा नाही, प्रोग्रॅमच्या शिकवणीचा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार वगळले. तुमचे पुस्तक त्याआधीचे आहे, म्हणून त्यात ‘खेडीं’, ‘वसलीं’, ‘पुन्हां’, ‘नाहींत’ आहे. टेसरॅक्टची मराठी मुख्यतः वेबवरच्या आजच्या मजकुरावर घडली आहे आणि तिथे ‘खेडी’, ‘वसली’ हीच रूपे आहेत. ठिपका अंधुक असला की वाचन सवयीच्या रूपाकडे झुकते. चित्र सुधारल्यावर तुमच्या त्याच ओळीत द्ध आणि द्ध्व दोन्ही नीट आले, बरेच अनुस्वार परतले, तरी एक-दोन गळालेच. यापुढे ते चित्र घासून मिळणार नाहीत. जुन्या लेखनाची पुस्तके तपासताना अनुस्वारांसाठी एक स्वतंत्र वाचन ठेवावे, त्या फेरीत दुसरे काही पाहू नये.

शिरोरेषा जोडू नका. शिशाचे खिळे हाताने जुळवताना मात्रा आणि उकार पुष्कळदा सुट्या तुकड्यांचे असत, दोन खिळ्यांच्या सांध्यात केसाएवढी फट राही आणि ती छापली जाई. ही फट भरायची तर चित्रातली प्रत्येक काळी रेघ एक-दोन पिक्सेलांनी जाड करावी लागते. ती शिरोरेषेपुरती जाड होत नाही, द्धच्या पोटातही जाड होते, म्हणजे जे वाचवण्यासाठी 400 डीपीआय घेतले तेच आपण बुजवतो. याच्या उलट सल्लाही तुम्हाला कुठेतरी वाचायला मिळेल, की शिरोरेषा पुसून टाका म्हणजे अक्षरे सुटी होतील. तो एका जुन्या पद्धतीतून आलेला आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी 1997 मध्ये बांगला आणि देवनागरीसाठी मांडलेल्या पद्धतीत शिरोरेषा वेगळी काढून अक्षरे सुटी केली जात आणि मग एकेक ओळखले जाई. त्या काळच्या यंत्रणेला ते योग्य होते. आजचे जाळे सगळी ओळ डावीकडून उजवीकडे सलग वाचते आणि शिरोरेषेसकटच शिकलेले असते. ती काढली तर त्याला अनोळखी लिपी दिल्यासारखे होते. तुटक रेघ त्याला फारशी अडत नाही.

प्रश्न : चूक चित्रामुळे झाली की प्रोग्रॅममुळे, हे ओळखायचे कसे? प्रत्येक वेळी चित्रच सुधारत बसायचे का?

उत्तर : हा प्रश्न विचारलात हे फार चांगले, कारण इथे महिनोन्‌महिने वाया जातात. चुकीच्या जागेचे चित्र पडद्यावर चौपट मोठे करून पाहा. तुम्हाला स्वतःला तिथला द्ध संदर्भावाचून वाचता येत नसेल, तर दोष चित्राचा. वाचता येत असेल आणि तरी यंत्र चुकत असेल, तर चित्राला हात लावणे थांबवा.

चुकीची जातही सांगते. द्धचे द्व, ट्ठचे ट्ट, घचे ध, षचे प या आकाराच्या चुका आहेत. त्या विखुरलेल्या असतात, शाई पसरलेल्या किंवा फिकट जागी दाटतात आणि चांगल्या स्कॅनने कमी होतात. पण ‘शुद्ध’चे ‘शुध्द’ येत असेल तर ती वेगळी गोष्ट. तिथे द आणि ध दोन्ही यंत्राने ओळखले आहेत, क्रम उलटा लावला आहे. युनिकोडमध्ये जोडाक्षर एक चिन्ह नसते, वर्णांची माळ असते. ‘उद्ध्वस्त’ ही उ, द, ्, ध, ्, व, स, ्, त अशी नऊ चिन्हे आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. वेबवरच्या मराठीत ‘शुध्द’, ‘प्रसिध्द’ असे सर्रास टंकलेले दिसते, तोच मजकूर प्रोग्रॅमच्या वाट्याला आलेला. स्वच्छ पानांवरही ही चूक राहते. मात्र मराठीत ध्द हे जोडाक्षर कुठल्याच शब्दात नाही, म्हणून सगळ्या पुस्तकात ‘ध्द’ शोधून ‘द्ध’ करणे निर्धोक आहे.

‘द्व’ शोधून ‘द्ध’ करणे तितके निर्धोक नाही. ‘विद्वान’, ‘द्वार’, ‘द्वेष’ सगळे मोडतील. तिथे शब्दच शोधावा लागतो : ‘युद्व’, ‘शुद्व’, ‘बुद्वि’. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांचे तर शोधूनही भागत नाही, दोन्ही खरे शब्द आहेत. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत तर माणसाची ओळखच बदलते. शिवाय ऱ्य दोन प्रकारे साठवलेला सापडतो : एकदा ऱ आणि हलन्त चिन्हाने, एकदा र, हलन्त चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जोडचिन्हाने. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात आणि शोध घेताना एकच सापडतो. सगळे एका पद्धतीत आणून मग शोधा, आणि ऱ्य असलेला प्रत्येक शब्द मूळ पानाशी ताडा.

सगळे पुस्तक यंत्रात घालण्याआधी जोडाक्षरांनी गच्च असे एक पान निवडा. तुमच्या पुस्तकात लढाईच्या प्रकरणाचे पहिले पान त्यासाठी उत्तम आहे, त्यात युद्ध, उद्ध्वस्त, ब्राह्मण, सह्याद्री, पश्चिम, दऱ्या सगळे आले आहे. ते पान स्वतः अचूक टंकून ठेवा आणि यंत्राचा मजकूर त्याच्याशी ताडून चुका मोजा. मग एका वेळी एकच गोष्ट बदला, डीपीआय किंवा सावली सपाट करणे किंवा तिरकेपणा, आणि पुन्हा मोजा. चुका कमी झाल्या तर तो बदल ठेवायचा, नाही तर मागे घ्यायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर एकीचा फायदा दुसरीच्या तोट्यात लपतो. तुम्ही काळे-पांढरे आणि धारदार एकत्र केलेत, म्हणून कशाने बिघडले ते कळले नाही.

पुस्तक या अंकाबरोबर परत पाठवत आहे. त्याची शिवण तिसऱ्या फर्म्यापाशी सुटू लागली आहे, तेव्हा स्कॅन करताना पाने पूर्ण उघडून दाबू नका, आणि 400 डीपीआयच्या मूळ करड्या फायली मजकूर तयार झाल्यावरही दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.